वजाबाकीतून उरलेला आकडा

हिशेबाच्या दुनियेत आकड्यांच्या दोन जाती असतात. एक मोजलेला आकडा आणि दुसरा उरलेला आकडा. तिजोरीतल्या नोटा हातांनी मोजून जो येतो तो पहिल्या जातीचा. एकूण रकमेतून बाकीच्या सगळ्या रकमा वजा करून जो शिल्लक राहतो तो दुसऱ्या जातीचा. त्याला आम्ही बँकेत 'बॅलन्सिंग फिगर' म्हणत असू. दोन्ही आकडे कागदावर दिसायला सारखेच, पण तपासणीला आलेला अनुभवी इन्स्पेक्टर दुसऱ्या जातीच्या आकड्याखाली हमखास पेन्सिलीची रेघ ओढायचा. कारण उघड होते. उरलेल्या आकड्याचा स्वतःचा असा पुरावा नसतो. बाकीच्या खात्यांत ज्या काही चुका झालेल्या असतील त्या सगळ्या निमूटपणे त्याच्याच पदरात येऊन पडतात, आणि तरीही तेरीज अगदी चोख जुळते.

आता घराघरांतल्या फायलीत असलेला एक कागद काढून बघू. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या रक्ततपासणीत 'लिपिड प्रोफाइल' नावाचे पान असते. टोटल कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, व्हीएलडीएल आणि एलडीएल अशा पाच ओळी. त्यांतल्या एलडीएलला लोक 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात आणि गोळी सुरू करायची का, वाढवायची का, हे बऱ्याचदा त्याच ओळीवर ठरते. पण पुष्कळ रिपोर्टांत नेमकी हीच ओळ कुणी मोजलेली नसते. ती वजाबाकी करून लिहिलेली असते. गणित करण्यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा आकडा गणिताचा आहे हे कागदावर स्पष्ट असावे, आणि ते गणित कुठे फसते हे ज्याचे रक्त आहे त्यालाही ठाऊक असावे.

त्यासाठी आधी थोडे रक्तात डोकवावे लागेल. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. रक्त हे बहुतांशी पाणीच. त्यामुळे चरबी त्यातून सुटी वाहू शकत नाही. ती प्रथिनांच्या वेष्टनातल्या सूक्ष्म कणांत भरून पाठवावी लागते. यकृतातून निघणारे व्हीएलडीएल हे मोठे कण म्हणजे भरलेले मालट्रक. त्यांत मुख्य माल ट्रायग्लिसराइड्सचा, कोलेस्टेरॉल थोडे. वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना माल उतरवत उतरवत हे ट्रक आटत जातात आणि त्यांतल्या काहींचे शेवटी एलडीएल बनते. त्यात आता प्रामुख्याने कोलेस्टेरॉल उरलेले असते. तिसरे वाहन एचडीएल. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात टोटल कोलेस्टेरॉल म्हणजे या तीन वाहनांत मिळून जेवढे कोलेस्टेरॉल आहे तेवढे.

टोटल कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल या तीन गोष्टी मोजणे तुलनेने सोपे. एलडीएल मात्र पूर्वी फार अवघड होते. त्यासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाचे यंत्र लागे. त्यात रक्ताचा द्रव प्रचंड वेगाने कित्येक तास फिरवायचा, म्हणजे हलके व्हीएलडीएल वर तरंगते आणि जड भाग खाली बसतो. मग ते वेगळे करून मोजायचे. मोठ्या संशोधनसंस्थेखेरीज हे कुणाला परवडणारे नव्हते. १९७२ साली अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेडरिक्सन या तिघांनी यावर तोड काढली. ४४८ माणसांच्या रक्ताचे आकडे तपासून त्यांनी दाखवले, की उपाशीपोटीच्या रक्तात ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्याला ५ ने भागले, की व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल साधारण कळते. ते कळले, की पुढे नुसती वजाबाकी.

एलडीएल = टोटल कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड्स ÷ ५)

समजा टोटल २००, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड्स १५० आहेत. (हे आकडे दर डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचे, म्हणजे आपल्या रिपोर्टात असतात तसेच.) १५० ला ५ ने भागले, ३० आले, हे व्हीएलडीएल. २०० तून ४० आणि ३० वजा जाता उरले १३०. झाले एलडीएल. ना यंत्र, ना जादा खर्च. जगभरच्या प्रयोगशाळांनी हे सूत्र उचलले आणि पन्नास वर्षे वापरले, यात नवल नाही. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत असतील आणि एलडीएल फार कमी नसेल, तर ते आजही चांगले काम देते.

पण या सगळ्याचा भार त्या '५' वर आहे. ५ हा काही निसर्गाचा नियम नाही. व्हीएलडीएलच्या ट्रकमध्ये ट्रायग्लिसराइड्स पाच भाग आणि कोलेस्टेरॉल एक भाग, असा तो सरासरीने धरलेला अंदाज आहे. ट्रायग्लिसराइड्स वाढतात तेव्हा ट्रकांची संख्या तर वाढतेच, शिवाय प्रत्येक ट्रकही जास्त फुगलेला असतो. त्यात ट्रायग्लिसराइड्स ठासून भरलेली असतात, कोलेस्टेरॉल त्या मानाने वाढलेले नसते. प्रमाण पाचास एक न राहता सातास एक, आठास एक असे होत जाते. आपण मात्र ५ नेच भागत राहतो. मग व्हीएलडीएल प्रत्यक्षाहून जास्त दिसते, वजाबाकीत जास्त वजा होते, आणि शेवटी उरणारे एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे चूक नेमकी आपल्याला हवीहवीशी वाटणाऱ्या दिशेने होते, म्हणून ती खटकत नाही.

वर घेतलेल्या माणसाचेच उदाहरण पुढे नेऊ. तो लग्नाच्या पंगतीत जेवून दुपारी रक्त देऊन आला असे समजा. टोटल आणि एचडीएल जेवणाने फारसे हलत नाहीत. २०० आणि ४० च धरू. ट्रायग्लिसराइड्स मात्र १५० चे २५० झाले, कारण जेवणातली चरबी घेऊन आतड्यातून निघालेले कायलोमायक्रॉन नावाचे कणही आता रक्तात आहेत. २५० भागिले ५ म्हणजे ५०. एलडीएल उरले ११०. जिलेबी आणि मसालेभात खाऊन वाईट कोलेस्टेरॉल वीस अंकांनी उतरले! अर्थात, रक्तातले एलडीएल होते जवळपास तिथेच. उतरला तो फक्त कागदावरचा आकडा.

सूत्राच्या जनकांनी ही मर्यादा लपवलेली नव्हती. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे सूत्र वापरू नका, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणून ४०० ओलांडले, की चांगली प्रयोगशाळा एलडीएलची ओळ कोरी सोडते किंवा 'गणना करता येत नाही' असे लिहिते. रिपोर्ट अर्धवट आला म्हणून काही जण काउंटरवर भांडतात. खरे तर त्या कोऱ्या ओळीबद्दल प्रयोगशाळेचे आभार मानायला हवेत. एक दुर्मीळ आनुवंशिक विकार असाही आहे, ज्यात अर्धवट आटलेले, कोलेस्टेरॉलने भरलेले कण रक्तात साचून राहतात; तिथे सूत्र उलट्या दिशेने चुकते आणि एलडीएल जास्त दाखवते. तोही अपवाद त्या तिघांनी नोंदवला होता.

अडचण ४०० च्या वर नाही, कारण तिथे निदान लाल दिवा लागतो. अडचण २०० ते ४०० च्या पट्ट्यात आहे. तिथे आकडा बिनदिक्कत छापला जातो. आपल्याकडे पोट सुटलेले, साखर वाढलेली, ट्रायग्लिसराइड्स चढे आणि एचडीएल उतरलेले, असा नमुना घरोघरी दिसतो. म्हणजे आपली पुष्कळ मंडळी याच पट्ट्यात बसतात.

आमच्या शाखेतले जुने हेडकॅशियर, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, त्यांची गोष्ट सांगतो. मधुमेह जुना, हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टरांनी बजावलेले, की एलडीएल ७० च्या खाली हवे. बारा तास उपाशी राहून रक्त दिले. टोटल १६८, ट्रायग्लिसराइड्स ३२०, एचडीएल ३६, व्हीएलडीएल ६४, एलडीएल ६८. तात्या रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले ते विजयी मुद्रेने. "साहेब, अडुसष्ट! टार्गेट पुरे झाले. आता डॉक्टरांना सांगून गोळी अर्धी करून घेतो."

मी म्हटले, "तात्या, हा अडुसष्ट मोजलेला की बसवलेला?"

तात्यांनी आयुष्यभर कॅश मोजली. त्यांना प्रश्न लगेच कळला. ३२० ला ५ ने भागून ६४ येतात हे त्यांनी तोंडी केले, ३६, ६४ आणि ६८ यांची बेरीज १६८ भरते हेही पाहिले, आणि विचारात पडले.

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली नाही. त्यांनी आधी १६८ तून ३६ वजा केले आणि १३२ हा आकडा रिपोर्टाच्या कडेला लिहिला. मग प्रयोगशाळेला फोन करून त्याच नमुन्यावर 'डायरेक्ट एलडीएल' करायला सांगितले. नमुना एक-दोन दिवस थंड ठेवलेला असतो, म्हणून हे जमते. उत्तर आले ८३. पंधरा अंकांचा फरक आणि तोही ७० च्या सीमारेषेच्या पलीकडचा. गोळीचा डोस वाढला, साखर आटोक्यात आणायची मोहीम निघाली. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा टोटल १३६, ट्रायग्लिसराइड्स १५०, एचडीएल ३८, व्हीएलडीएल ३०. एलडीएल? पुन्हा ६८! कागदावर तोच आकडा, पण रक्त पार बदललेले. ट्रायग्लिसराइड्स खाली आल्यामुळे या वेळचा ६८ खऱ्याच्या बराच जवळ होता. आणि कडेला लिहिलेला १३२ आता ९८ झाला होता.

तात्यांचे प्रकरण अपवादात्मक नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली साडेतेरा लाखांहून जास्त नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या सूत्राने ज्यांचे एलडीएल ७० च्या खाली दाखवले आणि ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स २०० ते ३९९ होते, अशांपैकी प्रत्यक्ष मोजणीत खरोखर ७० च्या खाली निघाले फक्त शंभरातले चाळीस. उरलेल्या साठांना सूत्राने खोटा दिलासा दिला होता. या मंडळींनी ५ ऐवजी १८० घरांचा एक तक्ता तयार केला. ज्याचे जसे ट्रायग्लिसराइड्स आणि बाकी कोलेस्टेरॉल, तसा त्याचा भाजक, ३.१ पासून ११.९ पर्यंत. पुढे २०२० साली नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधूनच एक नवे सूत्र आले, जे ट्रायग्लिसराइड्स ८०० पर्यंत चालते. तात्यांचे पहिले आकडे त्या सूत्रात घातले तर उत्तर ८० येते, म्हणजे मोजलेल्या ८३ च्या अगदी शेजारी. हे सूत्र हातांनी करण्याजोगे नाही, पण प्रयोगशाळेच्या संगणकाला त्याचे ओझे काय? एकदा बदलले की झाले. रुग्णाला एक पैसाही जास्त पडत नाही.

मग सरसकट सगळ्यांनी डायरेक्ट एलडीएलच का करू नये? कारण तेही काही देवाचे वाक्य नाही. त्यात अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसतो. रसायने वापरून बाकीचे कण झाकून ठेवायचे आणि एलडीएलमधले कोलेस्टेरॉल तेवढे रंगाने ओळखायचे, अशी युक्ती असते. प्रत्येक कंपनीचे रसायन वेगळे, त्यामुळे एकाच रक्ताचे आकडेही थोडे वेगळे येतात, आणि ज्यांच्या रक्तातले कणच बिघडलेले आहेत त्यांच्या बाबतीत जास्तच. ट्रायग्लिसराइड्स फार वाढून रक्ताचा द्रव दुधासारखा पांढरा दिसू लागला, तर ही मोजणीही भरवशाची राहत नाही. शिवाय ५०० च्या पुढे डॉक्टरांची पहिली काळजी एलडीएल ही नसतेच. स्वादुपिंडाला सूज येण्याची असते. तिथे साखर, दारू, थायरॉइड, चालू असलेली औषधे यांतले कारण शोधून ट्रायग्लिसराइड्स खाली आणायचे, मग एलडीएलचा हिशेब मांडायचा.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत आणि एलडीएल शंभराच्या वर, तर गणिताचा आकडा पुरे. डायरेक्टवर जादा पैसे घालू नयेत. जेवून दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर निघाले, तर दहा-बारा तास उपाशी राहून तपासणी पुन्हा करावी. उपाशीपोटीही २०० ते ४०० असतील आणि एलडीएल ७० च्या आसपास किंवा खाली दाखवत असेल, औषधाचा निर्णय त्यावर लटकलेला असेल, तर नव्या सूत्राचा किंवा डायरेक्ट मोजणीचा आग्रह धरावा. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही ७० च्या खाली हेच करणे योग्य म्हणतात. उपाशीपोटी ४०० च्या वर तर जुन्या सूत्राकडे बघूच नये. आणि एकदा जी पद्धत धरली तीच पुढे ठेवावी. या वेळी गणित आणि पुढच्या वेळी डायरेक्ट, असे केले तर फरक रक्ताचा की पद्धतीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि तात्यांच्या डॉक्टरांनी कडेला लिहिलेला तो आकडा? त्याला 'नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल' म्हणतात. टोटल वजा एचडीएल, बस्स. हीही वजाबाकीच, पण फरक असा, की हिच्यात दोन्ही आकडे मोजलेले आहेत. ५ चा अंदाज कुठेच नाही. उपास लागत नाही. पंगतीत जेवून आलेल्या आपल्या माणसाचे नॉन-एचडीएल जेवणाआधीही १६० आणि नंतरही १६०. शिवाय रक्तवाहिन्यांत किटण धरायला लावणारे एलडीएल, व्हीएलडीएल आणि अर्धवट आटलेले कण, सगळेच त्यात येतात. याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. ७० असेल तर हे १००. तात्यांचे १३२ होते. म्हणजे डायरेक्ट तपासणी न करताही धोक्याची सूचना त्या कागदावर हजर होती, फक्त कुणी ती ओळ छापली नव्हती.

आपला आकडा कोणत्या जातीचा हे ओळखायची खूण सोपी आहे. ट्रायग्लिसराइड्सला ५ ने भागा. उत्तर व्हीएलडीएलच्या ओळीशी जुळले, आणि एचडीएल, व्हीएलडीएल, एलडीएल यांची बेरीज टोटलइतकी तंतोतंत भरली, तर एलडीएल जुन्या सूत्राने बसवलेले आहे. बेरीज दोन-चार किंवा दहा-पंधराने हुकत असेल तर घाबरू नका. बहुधा एलडीएल खरोखर मोजलेले आहे किंवा नव्या सूत्राने काढलेले आहे, आणि न जुळणे ही ते जुन्या सूत्राने बसवलेले नसल्याची खूण आहे. रिपोर्टावर पद्धत लिहिलेली असेल तर प्रश्नच मिटला. चांगल्या प्रयोगशाळा ती बारीक अक्षरात लिहितातही.

माझी मागणी त्या बारीक अक्षरांपुरतीच आहे. ती ठळक करा. एलडीएलसमोर 'मोजलेले' किंवा 'गणिताने काढलेले' असा एक शब्द, गणित असेल तर कोणत्या सूत्राने ते, आणि खाली नॉन-एचडीएलची एक ओळ. एवढ्यासाठी नवे यंत्र लागत नाही, जादा रक्त लागत नाही. आणि जोवर ते छापले जात नाही, तोवर रिपोर्ट हातात आला, की टोटलमधून एचडीएल वजा करून तो आकडा आपणच कडेला लिहावा आणि डॉक्टरांसमोर ठेवावा. गोळी कमी करण्याची गोष्ट त्यानंतर काढावी.